दोऱ्यावरचा न हलणारा बिंदू नेमका कुठे धरायचा?

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला मेल्डेचा प्रयोग लागला की पहिला अर्धा तास सगळे खूश असतात. टेबलाच्या एका टोकाला व्हायब्रेटरची पोलादी पट्टी गुणगुणत असते. तिला बांधलेला दोरा दुसऱ्या टोकाच्या कप्पीवरून खाली उतरतो आणि त्याला पारडं लोंबत असतं. पारड्यात वजनं कमी-जास्त करता करता एका क्षणी दोरा फुलतो आणि चार लठ्ठ फुगवटे दिसायला लागतात. त्यांच्यामध्ये तीन जागा अशा, की तिथे दोरा खिळा मारल्यासारखा गप्प. मग कुणीतरी मीटरपट्टी घेऊन त्या जागा मोजायला जातं आणि तक्रार येते, ‘सर, नोड नक्की कुठं धरायचा? इथं पण हलत नाही, आणि इथं पण हलत नाही की!’

तक्रार रास्त आहे. पुस्तकातल्या आकृतीत नोड म्हणजे दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू. टेबलावर मात्र तो पाच-सहा मिलिमीटरचा पट्टा असतो, आणि ह्या प्रयोगाचं उत्तर, म्हणजे व्हायब्रेटरची वारंवारता, बिघडतं ते बहुतेक वेळा याच पट्ट्यामुळे. पण आधी ह्या जागा गप्प का राहतात ते बघू.

पट्टी वर-खाली हलते तशी दोऱ्यावरून एक लाट कप्पीकडे धावत जाते. कप्पीवर दोऱ्याला वर-खाली हलता येत नाही, म्हणून लाट उलटी होऊन परत फिरते. आता एकाच दोऱ्यावर सारख्याच लांबीच्या दोन लाटा समोरासमोर धावत असतात. काही ठिकाणी जाणारी लाट दोऱ्याला जितकं वर ओढते, तितकंच येणारी लाट खाली ओढते, आणि हे प्रत्येक क्षणी घडतं. ती जागा हलत नाही, तिला नोड म्हणायचं. दोन नोडच्या बरोबर मध्ये दोन्ही लाटा एकमेकींना साथ देतात आणि दोरा सगळ्यात जास्त झुलतो, तो अँटीनोड. लाटा धावतच असतात, पण डोळ्यांना आकृती जागच्या जागी उभी दिसते. म्हणून ही स्थिर तरंगाची आकृती. शेजारच्या दोन नोडमधलं अंतर तरंगलांबीच्या निम्मं असतं, आणि तेवढ्या तुकड्याला प्रयोगशाळेत सगळे ‘लूप’च म्हणतात.

दोऱ्याची लांबी ठरलेली असल्यामुळे त्यात पूर्ण लूपच बसायला हवेत, एक, दोन, तीन, चार असे. साडेतीन लूप बसवायला गेलात तर परतणाऱ्या लाटा पट्टीच्या तालाशी जुळत नाहीत आणि दोरा नुसता थरथरतो. ही लूपची संख्या म्हणजेच हार्मोनिकचा क्रमांक. लाटेचा वेग दोनच गोष्टींवर ठरतो, दोरा किती ताणलाय आणि त्याचं दर मीटरचं वस्तुमान किती आहे. हे सगळं एका ओळीत असं मांडता येतं:

f = (n / 2L) × √(T / μ)

यात f ही वारंवारता, n लूपची संख्या, L दोऱ्याची लांबी, T ताण आणि μ दर मीटरचं वस्तुमान. ताण वर्गमुळात आहे, हे लक्षात ठेवा. तंबोऱ्याची तार एका सप्तकानं चढवायची तर ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतो. एवढ्यानं तार तुटेल, म्हणून खर्जाला जाड तार घालतात आणि ताण फार न बदलता काम भागवतात.

मेल्डेच्या प्रयोगात मात्र वारंवारता आपल्या हातात नसते, ती व्हायब्रेटर ठरवतो. लांबीही बदलायची नाही. मग उरतात ताण आणि लूप, आणि त्यांचं नातं असं की ताणाला लूपच्या वर्गानं गुणलं की गुणाकार कायम तेवढाच यायला हवा. आकडे घेऊन बघू. समजा वडगावातल्या एखाद्या मागवाल्याकडून जाडसर पिळाचं सूत आणलं. त्याचं १० मीटरचं वजन ४ ग्रॅम भरलं, म्हणजे मीटरला ०.४ ग्रॅम. पट्टीपासून कप्पीच्या माथ्यापर्यंत दोरा १२० सेंटिमीटर आहे आणि पट्टी सेकंदाला १०० वेळा हलते. चार लूपसाठी एकेक लूप ३० सेंटिमीटरचा, तरंगलांबी ६० सेंटिमीटर, वेग सेकंदाला ६० मीटर. त्यासाठी ताण लागतो १.४४ न्यूटन, म्हणजे पारड्यासकट १४७ ग्रॅम. तीन लूपना २६१ ग्रॅम, दोन लूपना ५८८. एकच लूप हवा असेल तर २ किलो ३५० ग्रॅम टांगावे लागतील, आणि तेवढ्यात सूत तुटतं किंवा व्हायब्रेटरची पट्टीच वाकते. म्हणून एका लूपचा हट्ट कुणी धरू नये. १४७ ला १६ नं, २६१ ला ९ नं, ५८८ ला ४ नं गुणून बघा, तिन्ही वेळा २३५० च्या आसपास येतं.

इथे ‘पारड्यासकट’ हा शब्द फार महत्त्वाचा. पारडं २० ग्रॅमचं असेल आणि ते धरायचं राहिलं, तर वहीत १२७, २४१ आणि ५६८ असे आकडे पडतात. त्यांचे गुणाकार २०३२, २१६९ आणि २२७२ असे चढत जातात. लूप कमी होतील तसा गुणाकार वाढतोय असं दिसलं की पहिला संशय पारड्यावर घ्यायचा. लूपच्या वर्गाच्या व्यस्ताविरुद्ध वजनाचा आलेख काढला, तर रेषा सरळच येते पण शून्यातून जात नाही. ती वजनाच्या अक्षावर उणे २० ला छेदते, म्हणजे विसरलेलं पारडं आपलं वजन स्वतःच सांगतं.

वारंवारतेबद्दलही एक घोटाळा ठरलेला. वीज ५० हर्ट्झची असते हे सगळ्यांना पाठ असतं, मग उत्तर १०० आलं की पोरं दोननं भागून मोकळी होतात. साध्या विद्युतचुंबकाला प्रवाहाची दिशा कळत नाही. प्रवाह इकडून वाहो की तिकडून, तो पोलादी पट्टीला ओढतोच, म्हणून एका आवर्तनात दोनदा ओढ बसते आणि पट्टी १०० हर्ट्झनं हलते. व्हायब्रेटरमध्ये कायमचा चुंबक बसवलेला असेल तर मात्र ५० च. आपल्या टेबलावरचा व्हायब्रेटर कुठल्या जातीचा हे आधी बघून घ्यावं.

ह्या पन्नासवर भरवसा किती ठेवायचा? बराच. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एका तालात आली. सीमाप्रश्न अजून कोर्टात आहे, पण बेळगाव आणि कोल्हापूरचे हर्ट्झ त्या दिवसापासून एकच आहेत. ही वारंवारता साधारण ४९.९ ते ५०.०५ च्या दरम्यान ठेवायचा ग्रिडचा दंडक आहे, म्हणजे विजेकडून येणारी अनिश्चितता हजारात दोनचीसुद्धा नाही. तुमचं उत्तर १०१ किंवा १०३ आलं, तर दोष विजेवर ढकलता येत नाही.

आता त्या पट्ट्याकडे येऊ. नोडच्या अगदी जवळ दोऱ्याचं झुलणं अंतराच्या प्रमाणात वाढतं. अँटीनोडला दोरा मधल्या रेषेपासून ८ मिलिमीटर झुलत असेल आणि लूप ३० सेंटिमीटरचा असेल, तर नोडपासून १ सेंटिमीटर सरकल्यावर झुलणं जेमतेम ०.८ मिलिमीटर होतं. तीन मिलिमीटर सरकलात तर पाव मिलिमीटर वर आणि पाव मिलिमीटर खाली. आपला दोराच अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड आहे. स्वतःच्या जाडीपेक्षा कमी हलणारा दोरा डोळ्याला स्थिरच वाटतो. म्हणून खऱ्या नोडच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरपर्यंत कुठेही बोट ठेवा, ‘इथं हलत नाही’ हे म्हणणं खरंच ठरतं.

एकच लूप मोजला तर दोन टोकांना तीन-तीन मिलिमीटर, म्हणजे वाईटात वाईट ३० सेंटिमीटरमागे ६ मिलिमीटर, दोन टक्के. वारंवारता लूपच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असल्यानं तिच्यातही तेवढीच चूक उतरते, १०० चे ९८ किंवा १०२. लागून असलेले दोन लूप एकत्र मोजले की टोकं दोनच राहतात आणि लांबी दुप्पट होते, त्यामुळे चूक एक टक्क्यावर येते. एकेक लूप वेगळा मोजून सरासरी काढण्यापेक्षा पहिला आणि शेवटचा नोड धरून मधलं अंतर भागणं बरं. शेजारचे लूप सुटे मोजून बेरीज केली तरी मधल्या नोडची वाचनं एकमेकांना खोडून टाकतात आणि शेवटी पहिलं आणि शेवटचं वाचनच उरतं. मग उगाच वहीत रकाने कशाला वाढवायचे?

ही चूक निदान कधी इकडे तर कधी तिकडे होते. दुसरी चूक याहून लबाड आहे, कारण वजन तेच असेल तोवर ती दर खेपेला एकाच बाजूला ओढते. बरेच जण चार लूप दिसले की १२० ला चारनं भागतात. यात गृहीत असं धरलेलं असतं, की दोऱ्याची दोन्ही टोकं नोड आहेत. कप्पीकडचं टोक जवळपास आहेच. पण व्हायब्रेटरकडचं? ती पट्टी तर स्वतः हलतेय! दोऱ्याला हलवणारीच तीच, मग तिथे न हलणारा बिंदू कसा असेल? पट्टीचं झुलणं १ मिलिमीटर आणि अँटीनोडचं ८ मिलिमीटर धरलं, तर खरा नोड पट्टीपासून सव्वा सेंटिमीटर दूर पडतो. तो कधी पट्टीच्या मागे, म्हणजे दोरा जिथे नाहीच अशा जागी पडतो, तर कधी पुढे दोऱ्यावर.

एक मोजमाप उलगडून बघू. पारड्यासकट १५० ग्रॅम टांगले, म्हणजे हव्या असलेल्या १४७ पेक्षा थोडेसे जास्त. चार लूप छान दिसतायत, कुणालाही शंका येऊ नये इतके. ताण १.४७ न्यूटन, त्यावरून वेग सेकंदाला ६०.६ मीटर. पट्टीपासून नोड मोजले तर ते २९.१, ५९.४ आणि ८९.७ सेंटिमीटरवर येतात, आणि शेवटी १२० ला कप्पी. वजाबाकी करा. शेवटचे तिन्ही लूप ३०.३ चे आणि पट्टीकडचा पहिला लूप फक्त २९.१ चा. पहिला लूप असा आखूड निघाला, की ताण थोडा जास्त आहे आणि नोड पट्टीच्या मागे गेलाय असं समजायचं. ताण कमी असता तर उलट झालं असतं. पहिला लूप इतरांपेक्षा लांब दिसला असता आणि पट्टीच्या सेंटिमीटरभर पुढे दोऱ्यावरच एक जादाचा नोड सापडला असता.

आता ह्याच वाचनांतून दोन उत्तरं काढा. १२० भागिले ४ म्हणजे ३० सेंटिमीटर धरलं, तर वारंवारता १०१ हर्ट्झ येते. पहिला लूप सोडून २९.१ ते ८९.७ हे मधले दोन लूप धरले, तर लूप ३०.३ चा आणि वारंवारता बरोबर १००. दोरा तोच, वजन तेच, फक्त कुठून कुठे मोजलं एवढ्यानं एक टक्क्याचा फरक पडला. लूप कमी असतील तेव्हा हा फरक वाढतो, कारण लूप लांब झाला की तेवढ्याच झुलण्यासाठी नोडही जास्त दूर सरकतो. दोन लूपना चूक साधारण दुप्पट, म्हणजे दोन टक्क्यांच्या घरात जाते.

मधले नोड वापरण्यात एक सोयही आहे. फुगवटा सगळ्यात मोठा कधी होतो ते शोधत ग्रॅम-ग्रॅमची वजनं टाकत-काढत बसावं लागत नाही. १५० ग्रॅमच्या ताणाला दोऱ्यावर जी तरंगलांबी असते ती आहेच, अनुनाद बरोबर साधला असो वा नसो. लूप नीट दिसण्याइतका जवळ आलात की पुरे. उलट अनुनादाच्या अगदी माथ्यावर दोरा इतका झुलतो की त्याचा ताण क्षणाक्षणाला थोडा बदलतो, आकृती फिरायला लागते आणि नोड आणखी धूसर होतात. थोडं बाजूला राहिलेलं बरं, असं माझं मत.

कप्पीकडच्या टोकाबद्दल थोडक्यात. दोरा कप्पीला जिथे टेकतो ती जागा झुलताना किंचित पुढे-मागे होते, म्हणून तिथला नोडही मधल्या नोडइतका विश्वासाचा नाही. तंबोऱ्यात हीच गोष्ट मुद्दाम केलेली असते. घोडी सपाट-वाकडी घासून तिच्यावर जव्हारीचा दोरा सरकवला, की तारेचं टोक एका बिंदूवर न थांबता घोडीवर पुढे-मागे टेकत राहतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं, की ज्या हार्मोनिकचा नोड बरोबर छेडण्याच्या जागी पडतो तो हार्मोनिक साध्या तारेतून उमटत नाही, पण तंबोऱ्यातून उमटतो. टोक बिंदूसारखं घट्ट धरलेलं आहे हे गृहीतच तिथे लागू पडत नाही. प्रयोगशाळेत आपल्याला असा नाद नको असतो, म्हणून टोकाचे दोन्ही लूप सोडून द्यायचे.

राहिला तो मधल्या नोडचा सहा मिलिमीटरचा पट्टा. तो डोळ्यानं अरुंद होत नाही, पण कानानं होतो. पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्याच्या कडेला ५ मिलिमीटर रुंदीची खाच कापा. पुठ्ठा दोऱ्याला काटकोनात उभा धरा, म्हणजे दोरा खाचेतून मोकळा जाईल. खाच आडवी हवी, झुलणं तिच्या दोन ओठांमध्ये मावलं पाहिजे. नोडपाशी दोरा खाचेच्या मधोमध राहील असा पुठ्ठा धरून तो हळूहळू अँटीनोडकडे सरकवत न्या. साधारण अडीच सेंटिमीटरवर दोरा खाचेच्या कडांना लागून तडतडायला लागतो. ती जागा पट्टीवर वाचा. मग नोडच्या दुसऱ्या बाजूला तसंच करा. दोन वाचनांचा मध्य म्हणजे नोड.

हे का जमतं? नोडपाशी झुलणं इतकं कमी असतं की कुठे थांबायचं हेच कळत नाही. अडीच सेंटिमीटरवर दोरा स्वतःच्या जाडीच्या कितीतरी पट फिरत असतो आणि तडतड कधी सुरू झाली हे नेमकं ऐकू येतं. खाच थोडी रुंद कापली गेली तरी बिघडत नाही, दोन्ही बाजूंची अंतरं सारखीच वाढतात आणि मध्य तिथेच राहतो. तडतड फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या ओठाला होत असेल, तर पुठ्ठ्याची उंची चुकलीय असं समजावं. ह्या पद्धतीनं नोड एखाद्या मिलिमीटरच्या आत सापडतो. मग ६०.६ सेंटिमीटरमागे चूक उरते दोन मिलिमीटर, म्हणजे टक्क्याचा तिसरा हिस्सा, १०० हर्ट्झमागे ०.३.

एवढं झालं की नोड हा ह्या प्रयोगातला कच्चा दुवा राहत नाही आणि दुसराच कच्चा दुवा पुढे येतो, दोऱ्याचं वजन. ४ ग्रॅम वजन ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर केलं असेल, तर तिथेच सव्वा टक्क्याची अनिश्चितता आहे. ती वर्गमुळातून उतरते म्हणून वारंवारतेत निम्मी राहते, तरी ०.६ हर्ट्झ होतेच, नोडच्या दुप्पट. दोरा २० मीटर घेतला की ती अर्धी होते. लांबी मोजताना दोरा प्रयोगात असेल तेवढाच ताणून मोजावा, नाहीतर सुताचा पीळ सैल असताना मोजलेली लांबी आणि टांगल्यावरची लांबी जुळत नाही.

शिवाय सूत हवेतलं पाणी ओढून घेतं. साधारण दमट हवेत कापसात त्याच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरलेलं असतं, आणि हवा जास्त ओली झाली की ते आणखी वाढतं. मे महिन्यात कोरड्या हवेत तोललेलं सूत आणि त्याच्यावरच खानापूरकडून पाऊस लागून आलेल्या जुलैत केलेला प्रयोग, यात μ दोन-तीन टक्के सहज सरकलेला असू शकतो. त्यानं उत्तर टक्का-दीड टक्का जास्त येतं. अशा वेळी नोड कितीही काटेकोर मोजले तरी उपयोग नाही. प्रयोग झाल्या झाल्या तोच दोरा कप्पीवरून काढावा आणि त्याच दिवशी, त्याच खोलीत तोलावा.